रौप्यमहोत्सव नेमका कोणत्या दिवशी?



शहापूरच्या एका शिक्षण सोसायटीचे सेक्रेटरी भाषणाचा कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "सर, मराठी तेवढं तपासा." मराठी ठीक होतं. पण पहिल्याच वाक्यात होतं, "आज आपल्या सोसायटीला 25 वर्षे पूर्ण झाली." खाली दिलेल्या स्थापनेच्या तारखेवरून मोजलं, तर 24 वर्षंच भरत होती.

ही चूक कशी होते? आपण स्थापनादिनालाच पहिला वर्धापनदिन धरतो. 15 ऑगस्ट 1947 हा पहिला स्वातंत्र्यदिन. असं मोजत गेलं तर पंचविसावा येतो 15 ऑगस्ट 1971 ला. पण तेव्हा वर्षं 24 झाली होती. 25 पूर्ण झाली 15 ऑगस्ट 1972 ला. साधा नियम असा: स्थापनेच्या सालात 25 मिळवा, दिवस आणि महिना तोच ठेवा.

स्थापनेची तारीख कोणती धरायची, हाही प्रश्न असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 4 ऑक्टोबर 1919 ला काढली. नोंदणी झाली 1935 मध्ये. पहिल्या तारखेवरून रौप्यमहोत्सव 1944 ला येतो, नोंदणीवरून 1960 ला. रयत आपला जन्म 1919 चाच मानते. म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, नोंदणीचा दाखला बाजूला ठेवा, पहिल्या बैठकीचं इतिवृत्त काढा.

ते उर्दूत निघालं, आणि तारीख हिजरी! इथे हिशेब बदलतो. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं. 25 हिजरी वर्षं म्हणजे सुमारे 8859 दिवस, आणि इंग्रजी 24 वर्षं तीन महिने. स्वातंत्र्य मिळालं तो दिवस 27 रमजान 1366 होता. 27 रमजान 1391 आला 16 नोव्हेंबर 1971 च्या सुमारास, म्हणजे इंग्रजी रौप्यमहोत्सवाच्या नऊ महिने आधी. चांद दिसण्यावर एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून छापण्यापूर्वी त्या वेळचं स्थानिक कॅलेंडर पाहावं.

सेक्रेटरी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, संस्थापकांतले दोघेच उरलेत. एक अंथरुणावर आहेत. वर्षभर थांबायचं म्हणजे..."

थांबायची गरज नव्हती. कार्यक्रम तीन महिने पुढे नेला. भाषणाचं पहिलं वाक्य आम्ही असं लिहिलं: "आमच्या बुजुर्गांनी ज्या हिजरी तारखेला सोसायटी काढली, त्या तारखेपासून आज हिजरी सनाची 25 वर्षे पूर्ण होत आहेत. इंग्रजी सनाप्रमाणे पंचविसावे वर्ष चालू असून ते पुढील वर्धापनदिनी पूर्ण होईल."

दोन्ही सनांच्या तारखा त्याखाली लिहून ठेवल्या. सुवर्णमहोत्सवाचं भाषण लिहिणारा हाच कागद शोधेल.