मध्येच थांबणारी शेगडी

गॅसचा सिलिंडर संपला की माळ्यावरची इंडक्शन शेगडी खाली येते आणि ऐन स्वयंपाकात तिची तक्रार सुरू होते. भांडे चढवले, मसाला परतायला घेतला, तेवढ्यात 'टीं-टीं' वाजते, पडद्यावर E आणि पुढे एखादा आकडा दिसतो आणि शेगडी बंद. आतला पंखा मात्र घरघरत राहतो. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली तर चालते, थोड्या वेळाने पुन्हा तेच. "मशीन बिघडली" म्हणून ती दुरुस्तीला जाते. तिथे निर्धोक चालते आणि घरी आली की पुन्हा थांबते. दोष बहुधा शेगडीत नसतो, ती कुठे ठेवली आणि तिच्यावर काय ठेवले यात असतो. म्हणून या वेळी तिच्या पोटात काय चालते ते पाहू.

काचेखाली तांब्याच्या तारेचे सपाट वेटोळे असते. त्यातून वेगाने बदलणारा प्रवाह जातो आणि भांड्याच्या लोखंडी बुडाला थेट तापवतो. काच तापते ती भांड्यामुळे. मात्र सगळी वीज भांड्यात जात नाही. २००० वॅटवर चाललेल्या शेगडीत साधारण दहावा हिस्सा वेटोळ्यात आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांत उष्णता होऊन उरतो. जुने १०० वॅटचे दोन बल्ब एका बंद डब्यात लावावेत, तशी ही गोष्ट. ती उष्णता बाहेर काढण्याचे काम पंख्याचे. बहुतेक शेगड्यांत तो खालच्या जाळीतून थंड हवा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून गरम हवा फेकतो.

आत तापमान पाहणारे सहसा दोन पहारेकरी असतात. एक काचेला खालून चिकटलेला, तो भांड्याच्या बुडावर नजर ठेवतो. दुसरा वीज चालू-बंद करणाऱ्या भागाजवळ, तो पेटीच्या आतले पाहतो. दोघांपैकी कोणीही मर्यादा ओलांडलेली पाहिली की शेगडी थांबते. त्यामुळे "गरम झाली म्हणून बंद पडली" एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या पहारेकऱ्याने थांबवली ते शोधावे लागते. पडद्यावरचा आकडा हेच सांगतो, पण प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. म्हणून सोबतची पुस्तिका फेकू नये.

आमच्या शेजारच्या आपांचे उदाहरण सांगतो. पाहुणे यायचे होते, पाया शिजवायचा होता आणि सिलिंडर संपलेला. त्यांनी शेगडी ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून, प्लॅस्टिकच्या फुलाफुलांच्या मेणकापडावर ठेवली. वर स्टीलचे मोठे भगोणे, बूड जवळजवळ ३० सेंटिमीटर. तेल घालून कांदा पूर्ण आचेवर तळायला घेतला, तर चौथ्याच मिनिटाला शेगडी थांबली. आच कमी करून कांदा कसाबसा झाला. मग पाणी घालून पुन्हा पूर्ण आच दिली, तर वीसेक मिनिटांनी बंद, मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद. आपा म्हणाल्या, "भाईजान, ही आमच्या पाहुण्यांशी वैर धरून बसली आहे."

ही एकच तक्रार वाटते, पण कारणे दोन आहेत. चौथ्या मिनिटाला थांबवले ते काचेखालच्या पहारेकऱ्याने. पाणी असेल तर बूड १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, पण थोड्या तेलावर पूर्ण आच दिली की बूड झपाट्याने तापते. त्यातच वेटोळे असते साधारण १८ ते २० सेंटिमीटरचे. भांडे ३० सेंटिमीटरचे असले तरी उष्णता मधल्या वर्तुळातच निर्माण होते. कडेचा कांदा कच्चा, मधला करपलेला आणि पहारेकरी बरोबर मध्यभागी. तळण-परतण १००० ते १२०० वॅटवर केले की ही अडचण सुटते. बूड वाकलेले, मध्ये फुगलेले असेल तर नीट मोजमाप होत नाही. बुडाला सरळ पट्टी लावून पाहावी, खालून उजेड दिसता कामा नये.

वीसाव्या मिनिटाला थांबवले ते दुसऱ्या पहारेकऱ्याने. पाणी उकळत होते, म्हणजे बूड ठीक होते, पण पेटीच्या आतली उष्णता निघत नव्हती. पंख्याने मेणकापड खालच्या जाळीवर ओढून घेतले होते. मागून निघणारी गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा खालून आत जात होती. शिवाय मोठे भगोणे शेगडीच्या कडांबाहेर आल्याने त्याची धग बटणांच्या पट्टीवर उतरत होती. आम्ही शेगडी कोरड्या, कडक ओट्यावर आणून ठेवली, मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडली, पाया २० सेंटिमीटर बुडाच्या दोन भांड्यांत वाटून आळीपाळीने शिजवला. एकदा उकळी आली की ६०० ते ८०० वॅट पुरले. त्या रात्री शेगडी पुन्हा थांबली नाही.

भांडे फार लहानही नसावे. बूड १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बऱ्याच शेगड्या त्याला भांडेच मानत नाहीत आणि वाजत राहतात. १८ ते २२ सेंटिमीटरचे सपाट बूड, चुंबक घट्ट चिकटणारे, हे सर्वांत सोयीचे.

आता आवाज. चालू असताना एकसारखी घरघर आणि बंद केल्यावरही काही मिनिटे पंखा फिरणे, हे योग्यच. तो फिरत असताना प्लग ओढू नये. भांड्यातून बारीक गुणगुण किंवा शीळ येत असेल तर भांडे उचलून पाहावे. आवाज थांबला तर तो भांड्याचा, त्यात धोका नाही. खरखर, कटकट किंवा थरथर असेल तर पंख्यात धूळ, तेलाची चिकट पुटे, क्वचित झुरळही असते. आणि शेगडी चालू असूनही पंख्याचा आवाजच नसेल, तर ती तेवढ्यावर थांबवून दुरुस्तीला द्यावी. कमी आचेवर काही सेकंद तापणे, काही सेकंद थांबणे हा मात्र बिघाड नव्हे. अनेक शेगड्या कमी आच अशीच देतात.

सफाई करताना प्लग काढावा, शेगडी थंड होऊ द्यावी, मऊ कापडावर पालथी घालावी आणि कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. पाणी लावू नये. पेटी घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ विजेचा भार राहतो.

दुरुस्तीला नेण्याआधी एक परीक्षा जरूर करावी. शेगडी मोकळ्या जागी ठेवून २० सेंटिमीटर बुडाच्या भांड्यात दोन लिटर पाणी घ्यावे आणि झाकण न लावता पूर्ण आचेवर २० मिनिटे चालवावे. पाणी आटून निम्म्याच्या खाली जात नाही, त्यामुळे भांड्याचा पहारेकरी मध्ये पडत नाही. एवढे करूनही शेगडी थांबली तर पंखा किंवा आतला भाग तपासायला हवा, आणि दुरुस्ती करणाऱ्याला "किती मिनिटांनी थांबते, पडद्यावर काय येते" हे दोन्ही सांगावे. थांबली नाही तर शेगडी शाबूत आहे. जागा, भांडे आणि आच एवढेच बदलायचे आहे.