जॉइंट खातं काढताय? मग फॉर्मवरची ती चौकट आधी वाचा

लग्नानंतर महिना-दोन महिन्यांत जोडपी बँकेत येतात. हातात लग्नाचा दाखला, आधार, पॅन आणि दोन-दोन फोटो असतात. “दोघांच्या नावावर खातं काढायचंय,” एवढंच सांगतात आणि मी बोट ठेवीन तिथे सह्या करत जातात. बँकेच्या काउंटरवर माझी सव्वीस वर्षं गेली. फॉर्मच्या मध्यावर ‘खातं कोण चालवणार’ अशी एक चौकट असते. ती थांबून वाचणारी जोडपी मला फार थोडी भेटली. जॉइंट खातं बरं की वेगळं, यावर घरात चार दिवस चर्चा होते, आणि ज्या चौकटीवर सगळं अवलंबून असतं तिथे कारकून सांगेल ती खूण होते.

त्या चौकटीत नवरा-बायकोच्या कामाचे पर्याय दोनच आहेत. पहिला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही एक सही करून पैसे काढू शकतो, आणि एकजण गेला तर उरलेला खातं चालवतो. दुसरा ‘जॉइंटली’, म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. दुसरा सुरक्षित वाटतो, पण रोजच्या संसाराला तो जड जातो. अशा खात्यावर सहसा डेबिट कार्ड किंवा यूपीआय मिळत नाही. शिवाय एकजण वारला तर उरलेल्याला एकट्याला पैसे काढता येत नाहीत. मृताच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. घरखर्चासाठी म्हणून पहिलाच पर्याय घ्यावा. मात्र तो घेताना एक गोष्ट स्पष्ट असू द्या: त्या खात्यातला शेवटचा रुपयासुद्धा जोडीदार तुम्हाला न विचारता काढू शकतो आणि बँक त्याला अडवणार नाही. पैसे कोणी भरले, हे बँक बघत नाही.

म्हणूनच सगळा पगार जॉइंट खात्यात टाकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं वेगळं ठेवणंही मला पटत नाही. त्यात भाडं एकाच्या खात्यातून जातं आणि किराणा दुसऱ्याच्या. वर्षभराने कोणी किती भरलं याचा हिशेब लागत नाही, आणि मनात मात्र राहतो. दोघांची आपापली खाती तशीच चालू ठेवा आणि तिसरं जॉइंट खातं फक्त घरासाठी काढा.

त्यात कोणी किती भरायचं, हा खरा प्रश्न आहे. नाशिकच्या एका जोडप्याबरोबर मी हा हिशेब कागदावर मांडला होता. त्याचा हातात येणारा पगार 62,000, तो अंबडच्या कारखान्यात. ती खासगी शाळेत शिक्षिका, पगार 38,000. घरभाडं 14,000, किराणा-दूध-भाजी 11,000, वीज, गॅस आणि फोन मिळून 3,500, कामाच्या मावशी 2,500, पेट्रोल आणि किरकोळ 4,000, आणि अडीअडचणीसाठी बाजूला 5,000. एकूण 40,000. दोघांनी निम्मं निम्मं, 20,000 भरायचे ठरवून आले होते. वरवर ते न्याय्य दिसतं. पण तसं केलं तर त्याच्याकडे 42,000 उरतात आणि तिच्याकडे 18,000. तिचा निम्म्याहून जास्त पगार घरात जातो, त्याचा एक तृतीयांशही जात नाही. पगाराच्या प्रमाणात भरलं तर त्याचे 24,800 आणि तिचे 15,200 होतात. मग त्याच्याकडे 37,200 उरतात आणि तिच्याकडे 22,800. त्यांनी दुसरा हिशेब घेतला, पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला दिली आणि दर एप्रिलला आकडे पुन्हा बघायचं ठरवलं. आईवडिलांना पाठवायचे पैसे आम्ही मुद्दाम या यादीत घेतले नाहीत. ते ज्याने त्याने आपल्या खात्यातून पाठवावेत, म्हणजे माहेरी दोन हजार पाठवायला मुलीला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

बायको कमावत नसेल तरी तिचं स्वतंत्र खातं हवंच. दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावर कर लागत नाही. पण त्या पैशांची तिच्या नावे एफडी केली तर तिचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. ‘बायकोच्या नावावर टाकलं की कर वाचतो’ हा सल्ला त्यामुळे चुकीचा आहे.

आहेरात आणि माहेरून मुलीला मिळालेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. ते स्त्रीधन आहे आणि कायद्याने त्यावर फक्त तिचा हक्क आहे. पण जॉइंट खात्यात पडून वर्षभरात किराण्यात विरघळलेली रक्कम पुढे वेगळी दाखवता येत नाही. तिच्या एकटीच्या नावावर ठेवली की पासबुकच पुरावा असतं. गोव्यातल्या वाचकांची गोष्ट वेगळी आहे. तिथे लग्नाआधी निराळा करार केला नसेल, तर सर्वसाधारणपणे दोघांची मालमत्ता लग्नामुळेच निम्मी-निम्मी होते, खातं कोणाच्याही नावावर असो.

आता जे बोलायला नव्या जोडप्यांना नको वाटतं ते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन माझ्या काउंटरवर आली. नवरा अपघातात गेला होता. त्याचं पगाराचं खातं लग्नाआधीचं, एकट्याच्या नावावर, आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव. आई दोन वर्षांपूर्वीच वारली होती. खात्यात एक लाख ऐंशी हजार होते आणि घरमालक भाड्यासाठी थांबायला तयार नव्हता. वारसांचे कागद, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, जामीनदार हे सगळं जमवण्यात तिचे चार महिने गेले. तेवढीच रक्कम ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यात असती, तर मृत्यूचा दाखला दाखवून ती त्याच आठवड्यात पैसे काढू शकली असती. म्हणून दोन-तीन महिन्यांचा घरखर्च कायम जॉइंट खात्यात असू द्या, आणि एकेकट्याच्या खात्यांवरचं लग्नाआधीचं नॉमिनेशन बदला. नॉमिनीला बँक पैसे देते, पण तो वारसांच्या वतीने ते स्वीकारतो. वाटणी वारसा कायद्याने होते. हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर बायको-मुलांबरोबर त्याच्या आईचाही वाटा असतो, हे दोन्ही घरांनी माहीत करून घ्यावं.

दोघांच्या नावावर एफडी केली असेल तर आणखी एक सही लागते. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असलं तरी मुदतीआधी एफडी मोडायला दोघांच्या सह्या लागतात. एकजण गेल्यावर उरलेल्याला एकट्याने ती मोडता यावी, असं दोघांनी एफडी करताना किंवा तिची मुदत संपण्याआधी लिहून द्यावं लागतं. काउंटरवरून हे आपणहून सांगितलं जाईलच असं नाही, तुम्ही मागा.

या शनिवारी बँक उघडी असेल तर दोघं मिळून जा. सगळी पासबुकं बरोबर घ्या आणि प्रत्येक खात्यासाठी दोनच प्रश्न विचारा: हे खातं कोण चालवू शकतं, आणि नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे? उत्तर तोंडी ऐकून परत येऊ नका. पासबुकावर छापून घ्या.