विश्लेषण : ‘बीपी आधीपासून होता’ म्हणून आरोग्य विम्याचा दावा फेटाळला… आता काय?

आरोग्य विम्याचा हप्ता वेळेवर भरला, रुग्णालय कंपनीच्या यादीतले, आजारही खरा. तरीही दोन-अडीच लाखांचा दावा एका ओळीच्या जोरावर फेटाळला जातो : ‘प्रस्ताव अर्जात पूर्वीपासून असलेल्या आजाराची माहिती दिली नाही.’ हे पत्र हातात पडले की बहुतेक जण एक तर कंपनीला शिव्या देतात किंवा ‘चूक आपलीच’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही घाईचे. अशा पत्रात पुष्कळदा आजाराचा प्रश्न नसतोच, प्रश्न तारखेचा असतो.

एक नमुना प्रकरण पाहू. सांगलीतील ५१ वर्षांचे एक कापड दुकानदार. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी पाच लाखांची पॉलिसी घेतली. प्रस्ताव अर्जात ‘उच्च रक्तदाब आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’. जानेवारी २०२४ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत रक्तदाब वाढलेला आढळला आणि गोळी सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये छातीत दुखू लागले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बिल दोन लाख १८ हजार. कॅशलेस नाकारले गेले, घरच्यांनी पैसे भरले आणि नंतर परताव्यासाठी केलेला दावाही फेटाळला गेला.

कंपनीला आजार ‘सापडला’ कुठे?

रुग्णालयाच्या केसपेपरमध्ये. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टरने विचारले, ‘बीपी आहे का? किती वर्षांपासून?’ घाबरलेल्या मुलाने सांगितले, ‘असेल तीन-चार वर्षांपासून.’ डॉक्टरने ते जसेच्या तसे लिहिले. उपचाराच्या दृष्टीने एक वर्ष की चार, याने त्या क्षणी काही बिघडत नव्हते. विम्याच्या हिशेबात मात्र मार्च २०२५ मधून चार वर्षे वजा केली की २०२१ येते, म्हणजे पॉलिसीच्या आधीचे वर्ष. पुढे कंपनीचा तपासनीस आला, त्याने रुग्णाचा जबाब घेतला आणि त्यातही तेच ‘तीन-चार वर्षे’ उतरले. खाली रुग्णाची सही.

एवढ्यावर दावा फेटाळणे हे चुकीचे टोक आहे. आजार लपवला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. त्यासाठी पॉलिसीच्या तारखेआधीचे काहीतरी लागते : डॉक्टरची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल, औषधाचे बिल, आधीच्या दाखल्याचा कागद. नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेला काळ हा फार तर तपास सुरू करण्याचा धागा आहे, पुरावा नव्हे.

वैद्यकीय अहवालांवरून काढलेल्या अनुमानांचेही असेच. ‘इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसते, म्हणजे रक्तदाब जुना असणार’ असे कंपनी लिहिते. असेलही. पण भिंतीची जाडी तारीख सांगत नाही, आणि रक्तदाब वाढलेला असूनही माणसाला त्याचा पत्ता नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. ठाऊक नसलेला आजार अर्जात लिहिणार कसा? मधुमेहात ‘एचबीए१सी जास्त, म्हणून आजार जुना’ असा युक्तिवाद होतो. ही चाचणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी, पॉलिसी घेताना साखर किती होती हे तिच्यावरून ठरत नाही.

पत्रात आधी काय पाहायचे?

नकाराचे कारण म्हणून कोणते कलम दिले आहे ते. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या जातात. पहिली प्रतीक्षा कालावधीची. आजार जाहीर केला असला तरी त्यावरचे दावे ठरावीक काळ मिळत नाहीत आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. या कारणाने एखादा दावा गेला तरी पॉलिसी चालू राहते. दुसरी गोष्ट माहिती न दिल्याची. तिच्यात दाव्याबरोबर पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि भरलेला हप्ता जप्त होऊ शकतो. सांगलीच्या प्रकरणात पॉलिसीला ३० महिने झाले होते, त्यामुळे पत्रात दोन्ही कलमे होती. उत्तर देताना दोहोंना वेगवेगळे उत्तर द्यावे लागते, मात्र ‘आजार पॉलिसीनंतर निघाला’ हे सिद्ध झाले की दोन्ही कलमे एकदमच गळून पडतात.

कलमाचा उल्लेखच नसेल तर तीच पहिली हरकत. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो आणि कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. ही मंजुरी घेतली होती का, हे लेखी विचारावे.

कोणते कागद गोळा करायचे?

दुकानदाराच्या बाबतीत तीन कागदांनी काम होण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ ची मूळ चिठ्ठी, ज्यावर रक्तदाब नव्याने आढळल्याची नोंद आहे. फॅमिली डॉक्टरचे पत्र, की हा रुग्ण अमुक सालापासून आपल्याकडे येतो आणि त्याआधी रक्तदाबाचे औषध दिलेले नाही. आणि रुग्णालयातील उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र, की दाखल करतेवेळचा इतिहास मुलाने तोंडी सांगितला होता, त्याला कागदाचा आधार नव्हता. जुन्या तपासणीत रक्तदाब सामान्य असल्याची नोंद सापडली, तर ती सोन्याहून पिवळी.

एक मोह मात्र टाळावा. ‘डॉक्टर, केसपेपरवर चारचे एक करा ना’ अशी गळ घालू नये. कंपनीकडे पहिल्या केसपेपरची प्रत आधीच गेलेली असते. खाडाखोड दिसली की साधे प्रकरण फसवणुकीचे होते. दुरुस्ती हवी ती स्वतंत्र प्रमाणपत्रातून. संपूर्ण केसपेपरची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेत बंधनकारक आहे.

सोबत प्रस्ताव अर्जाची प्रतही काढावी. अनेकांनी ती पॉलिसीच्या पुस्तिकेत असूनही कधी उघडलेली नसते. प्रश्न नेमका काय विचारला होता हे तिथेच कळते. ‘गेल्या चार वर्षांत रुग्णालयात दाखल झालात का?’ याचे ‘नाही’ हे उत्तर रक्तदाबाच्या गोळीमुळे खोटे ठरत नाही.

आणि गोळी खरोखरच आधीपासून चालू असेल तर?

मग बाजू कमकुवत आहे, हे मान्य करूनच पुढे जावे. ‘एजंट म्हणाला, बीपीचं काय लिहायचं, हप्ता वाढेल’ ही कहाणी बहुतेकदा खरी असते. पण अर्ज एजंटने टॅबवर भरला तरी ओटीपी ग्राहकाने दिलेला असतो आणि ती सहीच समजली जाते. एजंटने लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर तसे सांगितले असेल तरच त्या कहाणीला वजन येते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्यामुळे मेडिक्लेमचा दावा नाकारणे योग्य ठरवले होते.

तरी दोन वाटा उरतात. लपलेला आजार आणि दाव्याचा आजार यांचा संबंधच नसेल तर तो मुद्दा ठामपणे मांडावा. ओमप्रकाश आहुजा प्रकरणात पत्नीचा हृदयविकार अर्जात सांगितला नव्हता, मृत्यू अंडाशयाच्या कर्करोगाने झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोहोंचा संबंध नाही म्हणून दावा मान्य केला. रक्तदाब लपवला आणि दावा डेंग्यूचा, तर हा निकाल कामाचा आहे. दावा अँजिओप्लास्टीचा असेल तर नाही. रक्तदाब आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांचे नाते कोणालाही नाकारता येणार नाही.

दुसरी वाट ६० महिन्यांची. सलग पाच वर्षे विमा चालू असेल, तर माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मधे कंपनी बदलून पॉलिसी पोर्ट केली असेल तर आधीचे महिनेही मोजले जातात. कंपन्यांच्या पत्रांत हे सहसा आपणहून लिहिलेले नसते, ते ग्राहकानेच मोजायचे.

येथे कंपन्यांकडे बोट दाखवणे भाग आहे. विकताना पाच मिनिटांत, एकही तपासणी न करता पॉलिसी द्यायची आणि दावा आल्यावर तपासनीस पाठवून भूतकाळ खणायचा, ही पद्धत सचोटीची नाही. सचोटी दोन्ही बाजूंनी हवी. जाहीर केलेला आजार तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे कारण पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा प्रकरणात २०२१ मध्ये बजावलेच आहे.

तक्रार कुठे, कशा क्रमाने?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, कागदांसह. bimabharosa.irdai.gov.in वरही तक्रार नोंदवता येते, पण ती कंपनीकडेच जाते, तिथे न्यायनिवाडा होत नाही. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. शुल्क नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे कार्यालये आहेत, गोव्यातील तक्रारी पुण्याकडे येतात. आपले कार्यालय कोणते हे पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असते, अर्ज cioins.co.in वर भरता येतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत पाळला नाही, तर दिवसाला पाच हजार रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.

निवाडा विरोधात गेला तरी ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते, तिथे मुदत दोन वर्षांची. उलट क्रम मात्र चालत नाही. आयोगात प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. त्यामुळे नुसत्या तारखेच्या वादासाठी लोकपालांची पायरी आधी चढलेली बरी. साक्षीदार, एजंटची उलटतपासणी असा पसारा असेल तर थेट आयोग.

ज्यांनी अजून दावा केलेला नाही आणि अर्जात गोळी लिहिलेली नाही, त्यांनी नूतनीकरणाआधी कंपनीला ईमेलने कळवावे. हप्ता वाढेल किंवा त्या आजाराला प्रतीक्षा लागेल. कंपनी पॉलिसी रद्द करण्याचा धोकाही आहे, पण तो निरोगी असताना पत्करणे परवडते. विम्याची रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली असेल, तर वाढीव पाच लाखांसाठी ६० महिने वाढीच्या तारखेपासून नव्याने मोजले जातात.