'अप' म्हणजे केवळ 'वर' नव्हे

वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने घरी 'आय हॅव यूज्ड द मनी' असे लिहिले, तर पैसे वापरले एवढेच कळते. काही शिल्लकही असतील. पण 'आय हॅव यूज्ड अप द मनी' असे लिहिले, तर पैसे संपले आहेत हे समजावे. हा फरक 'अप' या छोट्याशा शब्दाने पडतो.

अशा जोडक्रियापदांच्या याद्या बहुधा क्रियापदांनुसार असतात. 'गेट अप', 'गेट ऑफ', 'गेट ओव्हर' एकाखाली एक येतात, पण त्यांच्या अर्थांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणून पाठ केलेले लवकर विसरते. त्याऐवजी वहीचे एक पान 'अप'ला द्यावे आणि त्याच्या अर्थांप्रमाणे रकाने पाडावेत.

पहिला अर्थ सरळ आहे : वर जाणे. 'स्टँड अप', 'पिक अप' येथे येतात. दुसरा अर्थ आहे काम पूर्ण होण्याचा, आणि तो मराठी माणसाला परका नाही. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाकणे. क्रिया आपोआप घडणारी असेल, तर 'टाकणे'ऐवजी 'जाणे' येते. 'द वेल ड्राइड अप', विहीर आटून गेली.

आता 'शी टोअर अप द लेटर' हे वाक्य घ्या. 'टोअर' म्हणजे फाडले. नुसते 'टोअर द लेटर' म्हटले, तर पत्राचा कोपराही फाटलेला असू शकतो. 'अप' आल्यावर पत्राचे तुकडे तुकडे झाले. पत्राऐवजी 'इट' वापरायचे असेल, तर ते मध्ये येते : 'शी टोअर इट अप'. 'टोअर अप इट' हे चूक.

शंका आल्यास वाक्यापुढे 'पण अर्धे उरले' जोडून पाहावे. 'दूध प्यायले, पण अर्धे उरले' हे चालते. 'दूध पिऊन टाकले, पण अर्धे उरले' हे कानाला खटकते. इंग्रजीत 'ड्रिंक' आणि 'ड्रिंक अप' यांचेही तसेच आहे. जोडल्यावर वाक्य खटकले, तर तो शब्द दुसऱ्या रकान्यात लिहावा.

मात्र प्रत्येक क्रियापदाला मनाने 'अप' लावू नये. 'डिस्ट्रॉय'मध्ये समूळ नाशाचा अर्थ आधीच असल्याने 'डिस्ट्रॉय अप' कोणी म्हणत नाही. वाचताना भेटलेल्या शब्दाचा अर्थ ओळखण्यासाठी हे रकाने आहेत. नवे शब्द घडवण्यासाठी नाहीत. शिवाय 'पुट अप विथ', म्हणजे सहन करणे, यांसारखे काही शब्द कुठेच बसत नाहीत. त्यांच्यासाठी पानाच्या तळाशी वेगळी जागा ठेवावी. पाठ करायचे ते एवढेच.

सरावासाठी : 'द हाउस बर्न्ड' आणि 'द पेपर बर्न्ड अप' यांपैकी कशात काहीच उरले नाही?