सहा महिने आकडा हलेना, आता काय करावे?

जिंतूरचे एक धम्मबंधू परवा मुलाला घेऊन भेटले. मुलगा विहारातील प्रवचनांचा यूट्यूब चॅनेल चालवतो. फेब्रुवारी ते जुलै, एकही व्हिडिओ दीडशे लोकांच्या पुढे गेला नाही. "पोरगं म्हणतंय, प्रवचनं बंद करून छोटे व्हिडिओ टाकतो. मी म्हणतो, नेट धर. तुम्हीच सांगा, सर."

मी म्हणालो, आधी महिने पाहू. आपले व्हिडिओ लोक एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबरात जास्त पाहतात. एरवी आकडा पडून राहिला तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावे. पण यांच्या सहा महिन्यांत भीमजयंती येऊन गेली, तरी आकडा हलला नाही. म्हणजे दुखणे खरे होते.

मग मुलाच्या मोबाईलवर यूट्यूब स्टुडिओ उघडला. दीडशेपैकी एकशे दहा जण व्हॉट्सॲपच्या लिंकवरून आलेले. ही आपलीच माणसे. गटात जेवढी, तेवढीच येणार. यूट्यूबने स्वतः व्हिडिओचे चित्र 1000 वेळा लोकांपुढे ठेवले, त्यातून 40 जण आत आले. म्हणजे शेकडा चार. निम्म्या चॅनेलांचे हे प्रमाण शेकडा 2 ते 10 असते, असे यूट्यूबच सांगते. तेव्हा चित्र आणि मथळा यांत दोष नव्हता.

दोष पुढच्या आलेखात सापडला. व्हिडिओ बावीस मिनिटांचा. पण पहिल्या अर्ध्या मिनिटातच शंभरातले पासष्ट जण निघून गेलेले. सुरुवातीला काय होते? गाणे, पाहुण्यांचे सत्कार, मग सूत्रसंचालन. प्रवचन सुरू व्हायला चार मिनिटे! जे शेवटपर्यंत ऐकत होते ते खऱ्या प्रवचनाला पोहोचलेले होते. लोक असे लवकर निघून जातात, तेव्हा यूट्यूबही व्हिडिओ नव्या माणसांपुढे कमी ठेवते.

म्हणून दोघांनाही सांगितले, प्रवचन सोडू नका, पण तसेच चालवूही नका. पुढच्या सहा व्हिडिओंत एकच गोष्ट बदला. पहिल्या वाक्यातच विषय सांगा, जसे "घरात दारू शिरली तर पंचशील काय सांगते?" सत्कार शेवटी ठेवा. बाकी लांबी, वार, मथळ्याची रीत तीच राहू द्या. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

सहा व्हिडिओंनंतर तोच आलेख पाहा. अर्ध्या मिनिटानंतर शंभरातले साठ टिकले, तर साचा बरोबर आहे. आकडा हळू चढला तरी चालत राहा. सुरुवात सुधारूनही लोक पाचव्या मिनिटाला उठत असतील, तर मुलाचे खरे. मग त्याच प्रवचनातून एका प्रश्नाचे पाच-सात मिनिटांचे तुकडे करा.

वडील मुलाकडे पाहून म्हणाले, "म्हणजे भांडण सहा व्हिडिओ पुढे ढकललं." मुलगा हसला, आणि पुढच्या रविवारचा पहिला प्रश्न वडिलांनाच विचारू लागला.