शिलाईची मजुरी आणि उलाढालीचा रकाना

गेल्या महिन्यात एका वाचक ताईंचा फोन आला. घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. उद्यम नोंदणीचा फॉर्म स्वतःच मोबाइलवर भरला, प्रमाणपत्रही आलं. पण ते घेऊन बँकेत गेल्या तेव्हा साहेब म्हणाले, "एवढ्याशा धंद्याला कसलं खेळतं भांडवल?" वार्षिक उलाढालीच्या रकान्यात ताईंनी सत्तर हजार लिहिले होते.

मी विचारलं, सत्तर हजार कुठून आले? "दोरा, अस्तर, हुक, लाइट बिल सगळं वजा जाता वर्षाला तेवढे हातात राहतात." म्हणजे त्यांनी नफा लिहिला होता. उलाढाल म्हणजे गिऱ्हाइकाने वर्षभरात दिलेले सगळे पैसे, खर्च वजा करण्याआधीचे.

मग फोनवरच हिशेब मांडला. साध्या महिन्यात तीस ब्लाउज, अस्तरासह चारशे रुपयांनी, म्हणजे बारा हजार. वीस साड्यांचं फॉल-पिको शंभराने, दोन हजार. असे आठ महिने धरले तर 1,12,000. लग्नसराई आणि दिवाळी मिळून चार महिने पंचवीस-पंचवीस हजारांचे, म्हणजे एक लाख. एकूण 2,12,000. चारशेतले साठ रुपये अस्तराला जातात, पण अस्तर ताई स्वतः आणून मजुरीत धरतात, म्हणून ते साठही उलाढालीतच. गिऱ्हाइकाने आणलेलं ब्लाउजपीस मात्र त्यात नाही. पैठणी पंधरा हजारांची असो, आपली उलाढाल शिलाईपुरतीच. काही जणी याच्या उलट चूक करतात आणि कापडाची किंमतही धरून आकडा फुगवतात.

बँकेत हा आकडा का लागतो? छोट्या उद्योगाचं खेळतं भांडवल ठरवताना पुढच्या वर्षीच्या अंदाजित उलाढालीच्या किमान वीस टक्के धरावेत, असा रिझर्व्ह बँकेचा जुना निकष आहे. सत्तर हजारांवर तो हिशेब चौदा हजारांचा होतो, 2,12,000 वर 42,400 चा. लग्नसराईआधी अस्तराचे तागे आणि फॉल भरून ठेवायचे तर हाच फरक. अर्थात बँक खातंही बघते. निम्मी मजुरी रोख येऊन घरखर्चात गेली असेल, तर खरा आकडासुद्धा पटवता येत नाही.

फॉर्ममध्ये उलाढालीच्या आधी कामाच्या प्रकाराचा रकाना येतो, आणि आपल्या धंद्यात घोळ तिथेच जास्त होतो. मॅचिंग ब्लाउजपीस विकतो म्हणून पुष्कळ जणी `Trading` निवडतात. व्यापाऱ्यांना 2021 पासून नोंदणी मिळते खरी, पण तिचा फायदा अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जापुरताच. शिवणकाम `Manufacturing` मध्ये येतं. तिथे कामाचा कोड निवडताना 14, मग 1410, मग 14105, म्हणजे मापाचे कपडे शिवणं. एकाच नोंदणीत आणखी कामं जोडता येतात, पण मुख्य काम मुख्यच राहू द्या.

गंमत अशी की जीएसटीच्या लेखी दुसऱ्याच्या कापडावरचं काम ही सेवा. त्यामुळे महाराष्ट्रात तिथली मर्यादा वीस लाखांची, मालाची चाळीस लाखांची नव्हे. एकच सुई एका खात्यात कारखाना, दुसऱ्यात सेवा. आपल्यापैकी बहुतेक जणी वीस लाखांच्या जवळपासही नाहीत, पण पाच-सहा कारागीर बसवलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

मालकीच्या प्रकारात एकटीचा धंदा असेल तर `Proprietary`. आधार आणि पॅन दोन्ही तुमचेच. "यांचं पॅन आहेच घरात" म्हणून नवऱ्याचं टाकलं, तर कागदावर धंदा त्यांचा होतो. जावाजावा मिळून शिवत असाल तर भागीदारीचा करार आणि भागीदारीचं वेगळं पॅन लागतं. नुसता समजूतदारपणा फॉर्ममध्ये चालत नाही.

गुंतवणुकीच्या रकान्यात शिलाई मशीन, ओव्हरलॉक, पिको मशीन धरा, बिलातला जीएसटी वगळून. खोली धरायची नाही, कटिंगचं टेबल आणि कपाटही नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र अजून भरलं नसेल तर हे आकडे तुमच्या शब्दावर घेतले जातात. ते भरायला लागलात की पोर्टल तिथलेच आकडे उचलतं, म्हणून दोन्हीकडे एकच हिशेब असावा.

नोंदणी `udyamregistration.gov.in` वर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागितले, तर समजा तुम्ही भलत्याच साइटवर आहात. आधीच नोंदणी झालेल्यांना त्याच ठिकाणी दुरुस्ती करता येते. फोनवरच्या ताईंनी ती केली. आता त्या रोजची मजुरी एका वहीत लिहितात आणि गिऱ्हाइकाला क्यूआर कोड दाखवतात.