पहिल्या कापणीच्या ओटावरील दुभती गाय

वाराणसी परिसरात नदीकाठच्या जमिनीवर हिवाळ्यात ओट व बरसीम हिरवेगार होतात आणि भुशावर काढलेल्या गायींना एकदम भरपूर वैरण मिळते. याच दिवसांत नुकतीच व्यालेली, चांगले दूध देणारी गाय कोसळली की बहुधा दुग्धज्वराचे निदान होऊन कॅल्शिअमची बाटली लावली जाते. माझ्या मते हे निदान घाईचे आहे. अशा वेळी रक्तातील मॅग्नेशिअम घटल्याने होणाऱ्या ग्रास टेटनीचा विचार आधी व्हावा.

दोष बरसीमचा क्वचितच असतो. द्विदल असल्याने त्यात मॅग्नेशिअम पुरेसे असते. धोका आहे तो शेणखत व युरिया भरपूर दिलेल्या कोवळ्या ओटात. त्यात पालाश जास्त असते आणि ते कोठीपोटातून मॅग्नेशिअमचे शोषण रोखते. हिशोब पाहावा. चाळीस किलो ओटात सुमारे सहा किलो शुष्क पदार्थ असतो. त्यात ०.१५ टक्के मॅग्नेशिअम धरले, तर नऊ ग्रॅम होते. त्यातील जेमतेम सव्वा ते दीड ग्रॅम शोषले जाते. बारा लिटर दुधातून दीड ग्रॅम जाते आणि शरीराची नित्य झीज आणखी एक ग्रॅमची असते. हाडांतील साठा गरजेच्या वेळी झटपट मोकळा होत नाही. म्हणून ही तूट रोजच्या रोज भरावी लागते.

दुग्धज्वर बहुधा विण्यानंतर तीन दिवसांत होतो; गाय मंद, कान थंड, मान कुशीकडे वळलेली. टेटनीत उलट चित्र दिसते. कान व पापण्या फडफडतात, चाल लडखडते, गाय बिथरते, मग पडून पाय झाडते. हृदयाचे ठोके दुरूनही ऐकू येतात. काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. गायीला हाकू नये, गोंगाट करू नये आणि पशुवैद्यास तात्काळ बोलवावे. उपचारापूर्वी रक्ताचा नमुना घ्यावा, अन्यथा निदान कायमचे हुकते. मॅग्नेशिअम शिरेतून वेगाने दिल्यास हृदय थांबते. ते काम पशुवैद्याचेच.

प्रतिबंधाबाबत एक गैरसमज रूढ आहे: खनिज मिश्रण चालू आहे, म्हणजे चिंता नाही. पन्नास ग्रॅम नेहमीच्या मिश्रणातून तीन ग्रॅमच्या आसपासच मॅग्नेशिअम मिळते, तर पन्नास-साठ ग्रॅम मॅग्नेशिअम ऑक्साइडमधून तीस ग्रॅमच्या वर. ते बेचव असल्याने गूळ व कोंड्यात कालवून, हिरवा चारा सुरू होण्याच्या काही दिवस आधीपासून द्यावे. मीठही द्यावे, कारण सोडिअम कमी पडले की लाळेतील पालाश वाढते आणि अडचण दुप्पट होते. भुसा मात्र एकाएकी बंद करू नये. सकाळी आधी भुसा व मग ओट, आणि शक्य तेथे ओटासोबत बरसीम, हा क्रम पहिले दोन-तीन आठवडे पाळावा.